तीन मेसेज आणि मधले दिवस

बावीस वर्षं ती दुसऱ्यांच्या चुका काढत होती, आणि त्यासाठी तिला पगार मिळत होता. एका छापखान्यात ती मुद्रितशोधक होती. पाठ्यपुस्तकं, अहवाल, औषधांच्या खोक्यातली घडीची पत्रकं, जे येईल ते लाल पेन घेऊन वाचायचं. मग छापखाना बंद पडला. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती घरी बसली आणि पहिल्या महिन्यातच घरच्यांच्या नाकी नऊ आले. वाणसामानाच्या पिशवीवरचा मजकूर ती दुरुस्त करायची. लेकीनं मैत्रिणीला पाठवलेला मेसेज खांद्यावरून वाचून म्हणायची, "यातला 'की' दीर्घ." नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबणाऱ्या लोकांच्या शेजारी रोज आठ तास बसून त्याच्या अंगात संतांइतका धीर आला होता, पण तोही एके दिवशी आपल्या बहिणीला म्हणाला, की हिला कुठंतरी काम बघ, नाहीतर मीच नवीन घर बघतो.

नणंदेनं काम बघितलं. तिच्या ओळखीचे एक साहेब माणसं शोधून द्यायचं ऑफिस चालवत. म्हणजे एखाद्या कारखान्याला किंवा रुग्णालयाला अमुक कामाचा माणूस हवा असेल, तर हे लोक तो हुडकायचे, त्याच्याशी बोलायचे आणि जमवून द्यायचे. चष्म्याच्या दुकानावर पहिला मजला, सात टेबलं, एक कुरकुरणारा पंखा. तिला घेतलं ते जाहिराती तपासायला. पहिल्याच आठवड्यात तिनं 'अनूभवी' पाहिजे असलेल्या चौदा जाहिराती परत पाठवल्या आणि ऑफिसनं तिचं बारसं केलं. तेव्हापासून ती कानामात्रा. साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे तिला त्याच नावानं हाक मारत आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. एकदा फक्त कुणीतरी चिठ्ठीवर 'कानामात्र' लिहिलं, तेव्हा तिनं ती चिठ्ठी परत केली.

दीड वर्षात ती जाहिरातींवरून फोनवर आणि फोनवरून उमेदवारांवर आली. लोक तिच्याशी बोलत. कारण ती ऐकायची, आणि मधूनच "म्हणजे नक्की काय?" असं विचारायची. छापखान्यातली सवय.

आता घोडं अडलं ते असं. एका पुनर्वसन रुग्णालयाला कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या वर्कशॉपसाठी प्रमुख हवा होता. जागा रिकामी होणार हे सहा महिन्यांपासून ठाऊक होतं, कारण जुने मिस्त्री निवृत्त व्हायला आले होते. त्यांचे हात थरथरायला लागले होते आणि ते स्वतःच म्हणत होते, आता बस. हे काम येणारी, आणि शिवाय माणसं सांभाळू शकणारी मंडळी फार थोडी. ऑफिसनं शोधून शोधून अकरा नावांची यादी केली होती. पूर्ण यादी अकराची.

त्या अकरांतले सहा टीम लीडरनं आधीच खर्ची घातले होते.

टीम लीडर वाईट माणूस नव्हता. पस्तिशीचा, उत्साही, चालता चालता बोलणारा, आणि आकड्यांवर श्रद्धा असलेला. त्याच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. त्यात शंभर नावं टाकायची, तीन मेसेज भरायचे, की ते आपोआप जात. पहिला आज, दुसरा परवा, तिसरा तेरवा. पहिल्यात लिहिलेलं असे, की तुमचं प्रोफाइल पाहून आम्ही अत्यंत प्रभावित झालो. दुसऱ्यात, माझा मेसेज मिळाला का. तिसऱ्यात, पुन्हा एकदा आठवण करून देत आहे. विक्रीच्या पोरांसाठी शंभरात चार-पाच उत्तरं यायची आणि तेवढ्यात भागायचं. पण इथं शंभर नव्हतेच. सहापैकी चौघं गप्प राहिले. एकानं लिहिलं, कृपया मला पुन्हा लिहू नका. आणि एकाचं प्रकरण फारच वाईट झालं. त्याचा मेसेज गेला होता त्याच्या कामाच्या ईमेलवर, आणि तो त्याच्या साहेबानं वाचला.

रुग्णालयाच्या मॅनेजरबाईंनी फोन करून सांगितलं, की अजून दीड महिना देते, मग दुसरं ऑफिस बघते. साहेबांनी उरलेली पाच नावं एका कागदावर लिहिली आणि कागद कानामात्राच्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "हे पाच सांभाळून वापरा. सहावा नाही."

तिनं दोन दिवस काहीच लिहिलं नाही. टीम लीडर येता-जाता तिच्या स्क्रीनकडे बघायचा आणि स्क्रीन कोरी दिसायची. तिसऱ्या दिवशी ती जागेवरच नव्हती. ती रुग्णालयात गेली होती, वर्कशॉप बघायला. ज्या कामासाठी माणूस बोलवायचा, ते काम आपण बघितलेलंच नाही हे तिला खुपत होतं. उंटावरून शेळ्या हाकणं तिला छापखान्यातही जमलं नव्हतं.

जुन्या मिस्त्रींनी तिला सगळं फिरवून दाखवलं. एका भिंतीला प्लास्टरचे पांढरे साचे टांगलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. प्लास्टिकचा पत्रा मऊ करायची नवी भट्टी. घासायच्या मशीनवर धुळीचा थर. सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाचा तो पेला, ज्यात उरलेला पाय बसतो, हे तिला तिथं कळलं. सगळा खेळ त्या पेल्याचा आहे, खालचं पाऊल काय विकत मिळतं, असं मिस्त्री म्हणाले. वर्कशॉपच्या एका दारापलीकडे चालण्याच्या सरावाची जागा होती, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. पाय टोचत असेल तर रुग्ण तिथंच थांबतो, कारागीर तो पाय घेऊन आत येतो, घासतो आणि परत नेऊन घालतो. बहुतेक ठिकाणी ही दोन कामं वेगवेगळ्या मजल्यांवर असतात, मिस्त्री म्हणाले, आणि मग कारागिराला आपला पाय चालताना दिसतच नाही.

तिनं मशीनपासून दांड्यापर्यंतची पावलं मोजली. तेवीस.

मग तिनं विचारलं, की या धंद्यातली माणसं फोन कधी बघतात. मिस्त्री हसले. सकाळी हात प्लास्टरमध्ये कोपरापर्यंत, तेव्हा नाही. सोमवार-गुरुवार फिटिंगचे दिवस बहुतेक सगळीकडे, तेव्हा तर बिलकूल नाही. दुपारी जेवण झालं, हात धुतले, की दीडच्या सुमाराला. तिनं ते लिहून घेतलं. निघताना मॅनेजरबाईंना भेटून तिनं दोन परवानग्या मागितल्या, रुग्णालयाचं नाव आणि पगाराचा आकडा उघड लिहायची, आणि वर्कशॉपचा एक फोटो वापरायची, ज्यात एकही रुग्ण नसेल. बाईंनी दोन्ही दिल्या.

आता लिहायला बसली. पहिला मसुदा घरी जेवणाच्या टेबलावर नवऱ्याला वाचून दाखवला. तो तीन मिनिटं चालला. त्यात रुग्णालयाचा इतिहास होता, ऑफिसची ओळख होती, मिस्त्रींची थोरवी होती आणि अगदी शेवटच्या ओळीत, लाजत लाजत, नोकरीचा विषय होता.

"तुला त्याच्याकडून काय हवंय?" नवऱ्यानं विचारलं.

"पंधरा मिनिटं बोलायला हवीत."

"मग ते मला घाट उतरून खाली आल्यावर कळलं."

नमनाला घडाभर तेल, हे तिचं तिलाच दिसत होतं. दुसऱ्याच्या मजकुरातलं पाल्हाळ तिला शंभर पावलांवरून दिसे, स्वतःचं मात्र नवऱ्यानं दाखवावं लागलं याचा तिला थोडा राग आला, आणि त्या रागातच तिनं तीन मिनिटांचं पाऊण मिनिट केलं.

पहिल्या मेसेजमध्ये तिनं एकच गोष्ट ठेवली. तुम्हालाच का लिहिते आहे. ती पाचही जणांसाठी वेगळी होती आणि ती शोधण्यात पुढचे दोन दिवस गेले. एकानं भट्टीच्या तापमानावर एक छोटा लेख लिहिला होता. एकाचं नाव एका धावपटूच्या मुलाखतीत ओझरतं आलं होतं. यादीतली एकुलती एक बाई लहान मुलांचे पाय बनवायची आणि तिनं एका परिषदेत त्यावर वीस मिनिटं भाषण केलं होतं. कानामात्रानं ते दोनदा ऐकलं आणि तिला लिहिलं:

"वाढत्या मुलाच्या सॉकेटमध्ये आत थर ठेवायचे आणि मूल वाढेल तसे एकेक काढायचे, हे तुमच्या भाषणामुळे मला कळलं. म्हणून तुम्हाला लिहिते. मी माणसं शोधून देण्याचं काम करते. एका पुनर्वसन रुग्णालयाला वर्कशॉप प्रमुख हवा आहे. सहा जणांची टीम, अर्धा दिवस स्वतःच्या हातानं काम, अर्धा दिवस देखरेख. रुग्णालयाचं नाव आणि पगार खाली आहे. या किंवा पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? नको असेल तर 'नको' एवढं लिहिलंत तरी पुरे, मी परत लिहिणार नाही."

टीम लीडरला पगाराचा आकडा खटकला. सगळे पत्ते पहिल्याच हाताला टाकायचे नसतात, असं त्याचं मत. तिचं म्हणणं, ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला? ज्याला तो आकडा पुरणार नाही तो आजच नाही म्हणेल, आणि त्याची आणि आपली, दोघांचीही पंधरा मिनिटं वाचतील.

दुसऱ्या मेसेजवर त्यांचं खरं वाजलं. त्याला तो दोन दिवसांनी हवा होता, लोखंड गरम असेपर्यंत. तिनं आठ दिवस लिहिले होते. मंगळवारी पहिला, त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी दुसरा, आणि त्यानंतर तेरा दिवसांनी, मंगळवारी, तिसरा. सगळे दुपारी दीडला. "एकवीस दिवस?" तो म्हणाला. "आपल्याकडे बेचाळीस आहेत."

"म्हणूनच एकवीस," ती म्हणाली. "नोकरी बदलायचं माणूस दोन दिवसांत ठरवत नाही. घरी विचारतो. आणि विचारायच्या आधी पुन्हा मेसेज आला, की आपण हात धुऊन मागे लागलो असं वाटतं त्याला."

शिवाय तिच्या दुसऱ्या मेसेजमध्ये पहिल्याची आठवण नव्हतीच. 'माझा मेसेज मिळाला का' हे वाक्य तिनं लिहायलाच नकार दिला. मिळालेला असतो, ती म्हणाली, आणि उत्तर दिलं नाही याची चुटपुटही असते, त्यावर बोट ठेवून आपल्याला काय मिळणार. दुसरा मेसेज नव्या गोष्टीचा. त्यात फोटो होता, घासायचं मशीन आणि उघडं दार, दारापलीकडे दांडे. खाली लिहिलं होतं, की मशीनपासून रुग्णापर्यंत तेवीस पावलं, मी मोजली, आपण बनवलेला पाय चालताना इथं दिसतो. आणि मग दोन ओळींत पुन्हा ती कोण आणि कशासाठी लिहिते ते, कारण ज्यानं पहिला वाचलाच नसेल त्यालाही हा एकटा कळला पाहिजे. पहिला मेसेज माणसाविषयी होता, दुसरा जागेविषयी.

"आणि तिसरा?" त्यानं विचारलं.

तिसरा निरोपाचा होता. हा माझा शेवटचा मेसेज, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तुम्हाला आत्ता बदल नको असेल हे मी समजते. मात्र एक विचारायचं आहे. या कामाला योग्य असं दुसरं कुणी, विशेषतः जे कुठल्या यादीत सापडणार नाही असं, तुमच्या डोळ्यांपुढे येतं का? असेल तर आधी त्यांना विचारा आणि मगच नाव कळवा.

टीम लीडरला हे म्हणजे स्वतःच्या हातानं दार लावून घेणं वाटलं. शेवटचा म्हणायचं आणि मग चौथा पाठवायचा, असं त्यानं सुचवून पाहिलं. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पंखा बघायला लागला.

मंगळवारी दीड वाजता पाचही पहिले मेसेज गेले. प्रत्येकाच्या खासगी पत्त्यावर, कामाच्या नाही.

बुधवारी एकाचं उत्तर आलं, भट्टीवाल्याचं. छान लिहिलं होतं त्यानं. लेख कुणी वाचला असेल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद, पण मी आहे तिथं सुखी आहे. तिनं आभार मानले आणि त्याचं नाव यादीतून काढलं. टीम लीडर म्हणाला, अजून दोन मेसेज आहेत की त्याच्यासाठी. ती म्हणाली, उत्तर आलं की मालिका संपली. 'हो' असलं तरी आणि 'नाही' असलं तरी.

गुरुवारी दुपारी ती डबा खात होती आणि सहज तिनं सॉफ्टवेअरचं पान उघडलं. पाठवलेल्या मेसेजांच्या यादीत एक नवी ओळ होती. दुसरा मेसेज. दीड वाजून एक मिनिट. पुढचा दहा मिनिटांनी जायचा होता आणि घड्याळात एक चाळीस झाले होते. तिनं डबा तसाच ठेवून बटण दाबलं. बाकीचे थांबले.

झालं असं, की मेसेज टीम लीडरनं भरले होते आणि मधल्या दिवसांचे रकाने तो बदलायला विसरला होता. तिथं नेहमीचा दोनचा आकडा तसाच राहिला होता. जो एक गेला तो धावपटूवाल्या कारागिराला गेला, आणि तोही गुरुवारी, फिटिंगच्या दिवशी. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. परवा लिहिलंत, आज परत. इतकी घाई असलेल्या ठिकाणी मला काम करायचं नाही.

तिनं त्याला दोन ओळी लिहिल्या, की चूक आमची आहे, माफ करा, पुन्हा लिहिणार नाही. त्यानं उत्तर दिलं नाही. द्यायला हवं असंही नव्हतं. टीम लीडर तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. तिला वाटलं तो सॉफ्टवेअरला दोष देईल, पण तो म्हणाला, "माझ्या हातून झालं. साहेबांना मी सांगतो." आणि सांगितलंही. त्या दिवसापासून तिनं मेसेज सॉफ्टवेअरमधून काढले आणि वहीत तारखा लिहून ती स्वतः पाठवायला लागली. तिघांसाठी यंत्र कशाला.

पुढच्या बुधवारी तीन दुसरे मेसेज गेले. त्याच दिवशी साडेतीनला त्यांतल्या एकाचा फोन आला. फोटो बघून आला होता. तेवीस पावलं खरंच आहेत का, असं त्यानं विचारलं. आमच्याकडे लिफ्टनं दोन मजले जावं लागतं, आणि लिफ्ट बंद असली की रुग्ण अर्धा तास एका पायावर बसून राहतो. पंधरा मिनिटांचं बोलणं पन्नास मिनिटं झालं. तो येऊन वर्कशॉप बघून गेला, मिस्त्रींशी गप्पा मारून गेला, मॅनेजरबाई खूश झाल्या, साहेबांनी चहा मागवला. कानामात्राला चार रात्री शांत झोप लागली.

पाचव्या दिवशी त्याचा मेसेज आला. राजीनामा द्यायला गेलो, तर आमच्या साहेबांनी मलाच प्रमुख केलं, आणि वर्कशॉप खालच्या मजल्यावर आणायचं कबूल केलं. तुमचा फोटोच दाखवला मी त्यांना. मनापासून आभार.

हे म्हणजे आपल्याच काठीनं आपलंच डोकं. नवऱ्याला सांगताना तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं हसू. तो म्हणाला, की निदान तिकडचे रुग्ण तरी लिफ्टमधून सुटले. लेक म्हणाली, आई, तू दुसऱ्यांच्याच ऑफिसांची कामं फुकट करतेस.

आता दोघं उरले. तारीख यायला आठ दिवस होते. टीम लीडर म्हणाला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर होतं, की तिसरा मेसेज आजच टाकावा. खरं सांगायचं तर तिच्याही मनात आलं. सोमवारी तिनं तो उघडला, वाचला, एक स्वल्पविराम काढला, परत घातला आणि बंद केला. घाबरून बदललेली तारीख म्हणजे पुन्हा तोच दोनचा आकडा, असं तिनं स्वतःला बजावलं. त्या आठवड्यात तिनं दुसऱ्याच एका गोदामासाठी दोन हिशेबनीस शोधून दिले.

ठरलेल्या मंगळवारी, दीडला, तिसरे दोन मेसेज गेले. एकाचं उत्तर कधीच आलं नाही. आजतागायत नाही. तो माणूस कसा होता, त्यानं काही वाचलं का, हे तिला माहीत नाही.

दुसरा गेला होता मुलांचे पाय बनवणाऱ्या बाईंना. बुधवार गेला, गुरुवार गेला. शनिवारी सकाळी उत्तर आलं आणि ते लांबलचक होतं. तिनं ते उभ्यानंच वाचायला घेतलं आणि वाचता वाचता खुर्चीत बसली.

तिन्ही मेसेज वाचले, असं त्या बाईंनी लिहिलं होतं. पहिला आला तेव्हा सासऱ्यांचं ऑपरेशन होतं, उत्तर द्यायचं डोक्यातच नव्हतं. दुसरा आला तेव्हा फोटो सगळ्या सहकाऱ्यांना दाखवला. मला येता येणार नाही, धाकट्याची शाळा नुकतीच बदलली आहे. पण तुम्ही विचारलंत, यादीत सापडणार नाही असं कोण, तेव्हा मला एकच नाव सुचलं आणि दोन दिवस मी त्यांचा पत्ता शोधत होते. मला प्लास्टर कसं लावायचं हे ज्यांनी शिकवलं, त्या आमच्या ताई. आठ वर्षांपूर्वी आईच्या आजारपणासाठी त्यांनी काम सोडलं. गेल्या वर्षी आई गेली. आता त्या घरीच, मागच्या खोलीत, दुखऱ्या पायांच्या लोकांसाठी बुटांचे तळवे बनवतात. त्यांचं कुठं प्रोफाइल वगैरे नाही. त्यांना मी विचारलं. त्या म्हणाल्या, आता मला कोण घेणार. पण लिहिलं तर वाचीन, असं म्हणाल्या.

कानामात्रानं ते उत्तर टीम लीडरच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यानं दोनदा वाचलं. मग म्हणाला, "अकराचे बारा झाले." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, की आता या ताईंसाठी तीन मेसेज कसे लिहायचे, आणि त्याचा आवाज खरोखर विचारणाऱ्याचा होता. दोघांनी खुर्च्या जवळ ओढल्या.

पहिला, त्यांच्या शिष्येनं त्यांच्याविषयी जे सांगितलं त्याचा. दुसरा, आठ वर्षांच्या खंडाचा, कारण भीती तिथंच होती. भट्टी नवी आहे, ती शिकवायला जुने मिस्त्री दोन महिने थांबायला तयार आहेत, हे मॅनेजरबाईंकडून पक्कं करून मगच लिहायचं. तिसरा नेहमीसारखा निरोपाचा. टीम लीडरनं स्वतःहून मधले दिवस सुचवले, आठ आणि तेरा. ती म्हणाली, या घरी असतात, वेळ दीडची कशाला, अकरा चालतील. त्यानं ते लिहून घेतलं.

सोमवारी अकराला पहिला मेसेज गेला. अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"तुम्हीच का त्या, मेसेजवाल्या?" पलीकडचा आवाज जरा दबका होता. "माझी आठ वर्षं गेलीत, हे तिनं सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगितलं," कानामात्रा म्हणाली. "तळवे बनवताना हात थांबले होते का तुमचे?"

ताई म्हणाल्या, की नाही, हात नाही थांबले.

दुसऱ्या मेसेजमधलं सगळं कानामात्रानं तिथंच, फोनवर सांगून टाकलं. ते आठ दिवस राखून ठेवण्यासारखं नव्हतं, समोरच्यानं आज विचारलं होतं. तिसऱ्याची वेळच आली नाही.

मिस्त्रींनी ताईंची परीक्षा घेतली ती एका साच्यावर. साचा हातात घेऊन ताईंनी डोळे मिटले, अंगठ्यानं कडा चाचपली आणि म्हणाल्या, इथं टोचणार याला. मिस्त्री मॅनेजरबाईंकडे वळून म्हणाले, की माझी रजा मंजूर करा. दीड महिन्याला दोन दिवस कमी असताना नेमणुकीचं पत्र निघालं. पत्रात 'नियुक्ति' असं लिहिलं होतं. कानामात्रानं पाहिलं, पेन उचललं आणि या एका वेळेला ते खाली ठेवलं.

ऑफिसात नंतर फार काही बदललं असं नाही. टीम लीडरचं सॉफ्टवेअर अजून चालतं आणि विक्रीच्या जागांसाठी अजून शंभर-शंभर मेसेज जातात. पण त्याच्या दुसऱ्या मेसेजमध्ये आता काहीतरी नवीन असतं, निदान तसा त्याचा प्रयत्न असतो, आणि 'मिळाला का' कुणी लिहिलं तर तोच टोकतो. नणंद म्हणते, माझ्यामुळे झालं सगळं. नवरा तिला दुजोरा देतो, कारण घरातलं वाणसामान आता सुखानं आत येतं.

माणूस कामाला लागला, की तीन महिन्यांनी त्याला फोन करून कसं चाललंय ते विचारायचं, असा ऑफिसचा रिवाज आहे. कानामात्रानं मंगळवारी दीडला ताईंना फोन लावला. ताई म्हणाल्या, आत्ता एक आजोबा दांड्याला धरून उभे आहेत, माझ्या हातात त्यांचा पाय आहे, तुम्ही उद्या करा. आणि फोन ठेवून दिला.